केळी कशी घ्यावी: आजची, परवाची आणि भाजीची

गाडीवर किंवा मंडईत केळी घ्यायला उभं राहिलं की मुरलेला केळीवाला आधी एकच प्रश्न विचारतो, "आजची देऊ का दोन दिवसांची?" नुकतंच वेगळं घर मांडलेल्या किंवा शिकायला बाहेरगावी आलेल्या माणसाला याचं उत्तर पटकन देता येत नाही. मग तो सगळ्यांत पिवळीधमक फणी उचलतो. पहिल्या दिवशी केळी छान लागतात, दुसऱ्या दिवशीही लागतात, आणि चौथ्या दिवशी उरलेली पाच-सहा काळी पडून चिलटं घोंघावू लागतात. आणखी एक गडबड नेहमी होते. नेहमीच्या केळ्याला लावलेली पारख वेलचीला किंवा लाल केळ्याला लावली जाते, आणि लाल केळं अर्धकच्चं खाऊन माणूस म्हणतो की यात काही चव नाही.

केळं पिकल्याची खूण प्रत्येक जातीत वेगळ्या जागी असते. नेहमीच्या केळ्यात ती देठ आणि टोकाच्या रंगात असते, वेलचीत सालीच्या पातळपणात, लाल केळ्यात बोटाखालच्या मऊपणात. भाजीच्या केळ्यात तर पिकण्याची खूण दिसली की ते घ्यायचंच नसतं. एवढं डोक्यात ठेवून गाडीपाशी गेलात की निम्मं काम झालं.

आधी दिवस ठरवा, मग फणी

घरातून निघतानाच मनाशी ठरवा की कुठल्या दिवशी किती केळी लागणार आहेत आणि कशाला. शिकरणाला, शिऱ्याला लागणारं केळं पूर्ण पिकलेलं हवं. डब्यात न्यायचं केळं जरा घट्ट हवं, नाहीतर दुपारपर्यंत त्याचा लगदा होतो. उपवासाला दोन दिवसांनी लागणार असेल तर ते आज पिवळं नसलं तरी चालतं.

मग केळीवाल्याला स्पष्ट सांगा, "दादा, सहा आजची द्या आणि सहा मंगळवारची." डझनभर केळी एकाच फणीतून घ्यायची असा काही नियम नाही. दोन वेगवेगळ्या फण्यांतून अर्धा-अर्धा डझन मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. एकाच फणीतली केळी साधारण एकाच वेळी पिकतात. म्हणून एका फणीचं डझन म्हणजे एका-दोन दिवसांत संपवायचं डझन. चार माणसांच्या घरात ते संपेल, एकट्याच्या खोलीत नाही संपणार.

नेहमीचं लांब केळं

गाडीवर सगळ्यांत जास्त दिसतं ते लांबट, किंचित वाकलेलं केळं. आज ते बहुतेक करून ग्रँड नैन जातीचं असतं. शेतकरी आणि व्यापारी त्याला जी-नाइन म्हणतात. जळगाव जिल्ह्यातला रावेर-यावल-चोपड्याचा पट्टा, नांदेडकडचं अर्धापूर, सोलापूर जिल्ह्यातला करमाळा-टेंभुर्णीचा भाग इथून हा माल येतो. पूर्वी याच जागी बसराई, श्रीमंती, अर्धापुरी ही नावं ऐकू यायची. ती सगळी एकाच कुळातली, आणि पारखायची रीतही एकच.

हे केळं झाडावर पिकू देत नाहीत. घड पाऊण भरला की हिरवाच उतरवतात, म्हणजे वाटेत खराब होत नाही. मग शहराजवळच्या पिकवणगृहात थंड आणि दमट हवेत त्याला इथिलीन वायू देतात. हा वायू फळ पिकताना स्वतःही तयार करतं, बाहेरून दिल्यावर सगळी केळी एकदम पिकायला लागतात. तिथून चार-पाच दिवसांत ती गाडीवर येतात. कच्च्या गरात साधारण पाचवा हिस्सा पिष्ट असतं आणि पिकताना त्याची साखर होत जाते. सालीचा रंग बदलतो तो या साखरेच्या बरोबरीनं, म्हणून रंगावरून दिवस मोजता येतात.

साल सगळी पिवळी, पण देठ आणि टोक हिरवं, असं केळं उद्या-परवाचं समजा. आज खाल्लं तर घट्ट आणि कमी गोड लागेल. काहींना असंच आवडतं, आणि डब्याला ते उत्तम. देठापासून टोकापर्यंत कुठे हिरवं उरलेलं नाही असं केळं आजचं. पिवळ्या सालीवर बारीक तपकिरी ठिपके आले की गोडी आणि वास दोन्ही भरात आलेले असतात. शिकरण करायचं तर हेच घ्या. ठिपके पाहून बरेच जण फणी बाजूला ठेवतात आणि चमकणारी पिवळी उचलतात, पण आजच खायचं असेल तर ठिपकेवाली फणीच जास्त गोड असते. पिवळ्यापेक्षा हिरवा रंग जास्त असेल तर दोन-तीन दिवस धरा. हे सगळे दिवस पावसाळ्यातल्या साध्या हवेचे आहेत. एप्रिल-मेमध्ये एक दिवस कमी करा, डिसेंबर-जानेवारीत एक-दोन दिवस वाढवा.

ठिपके आणि डाग यांतला फरक मात्र ओळखायला शिका. पिकल्याचे ठिपके बारीक असतात आणि सालीवर सगळीकडे विखुरलेले असतात. मार लागल्याचा डाग मोठा असतो, एका बाजूला असतो आणि तिथे बोट लावलं की खाली गर बसल्यासारखा लागतो. फणी टांगलेली असेल तर तिची आतली, भिंतीकडची बाजू फिरवून बघा. टोपलीत असेल तर उलटी करून बघा. सगळ्या फळांचं वजन खालच्या केळ्यांवर असतं आणि मार तिथेच लागतो.

दुसरी जागा म्हणजे फणीचा माथा, सगळी केळी जिथे एकत्र जोडलेली असतात तिथला कापलेला भाग. तो कोरडा आणि फिकट तपकिरी असला तर ठीक. काळा, ओलसर, पांढुरकी बुरशी धरलेला असला तर ती फणी सोडा. ही कूज देठातून खाली उतरते आणि केळी पिवळी व्हायच्या आत एकेक करून गळून पडतात. बाकी फणी कितीही सुंदर दिसली तरी घेऊ नका.

तिसरी गोष्ट म्हणजे धारा. चांगलं भरलेलं जी-नाइन केळं जवळजवळ गोल असतं. बोट फिरवल्यावर उभ्या धारा ठळक लागल्या आणि केळं बारीक असलं, तर घड फार लवकर उतरवलेला आहे. अशी केळी पिवळी होतात, पण गर कमी भरतो आणि गोडी येत नाही. निवड करता येत असेल तर घडाच्या वरच्या बाजूची फणी मागा. घडात वरच्या फण्या आधी आलेल्या असतात, त्यांची केळी मोठी आणि जास्त भरलेली असतात. टोकाकडच्या शेवटच्या फणीची केळी लहान राहतात.

उन्हाळ्यात एक वेगळाच घोटाळा होतो. केळं बाहेरून हिरवट-पिवळं दिसतं आणि सोलावं तर आत मऊ झालेलं. याचं कारण उष्णता आहे. साधारण २४-२५ अंशांच्या वर या जातीच्या सालीतला हिरवा रंग नीट उतरत नाही, पण गर मात्र भराभर पिकत राहतो. म्हणून मे महिन्यात रंगावर विसंबू नका. केळ्याच्या मधोमध अंगठ्यानं अगदी हलकं दाबून बघा, किंचित दबलं तर ते आजचं आहे, साल हिरवट असली तरी. हिवाळ्यात उलट होतं. केळ्याला १३ अंशांखालची थंडी सोसत नाही, आणि खानदेशात थंडीच्या रात्री पारा त्याच्याही खूप खाली जातो. अशा मालाची साल पिवळी होते पण तिला चमक नसते, धुरकट, राखाडी छटा राहते. थंडी थोडीच लागली असेल तर आतला गर बहुतेक वेळा चांगला असतो, म्हणून निव्वळ रंग मळका म्हणून फणी नाकारू नका. एक घेऊन चाखा.

कार्बाइडविषयी थोडं. कॅल्शियम कार्बाइडनं फळं पिकवायला अन्नसुरक्षेच्या २०११ सालच्या नियमांनुसार बंदी आहे. इथिलीन वायू मात्र दशलक्षात १०० भागांपर्यंत वापरायला परवानगी आहे. लोकांमध्ये एक समज फार पसरलेला आहे की साल पिवळी आणि देठ हिरवा म्हणजे केळं कार्बाइडचं. हा समज चुकीचा आहे. वर सांगितल्याप्रमाणे चांगलं, रीतसर पिकवलेलं केळंसुद्धा उद्या-परवाचं असताना अगदी असंच दिसतं. नुसत्या नजरेनं कार्बाइड ओळखता येत नाही. साल पूर्ण पिवळी होऊनही गर कडक आणि तुरट असेल, साल सुटताना गराला चिकटत असेल, केळ्याला वासच नसेल, तर ते घाईनं पिकवलेलं आहे एवढं नक्की. कशानं पिकवलं ते घरी कळणार नाही. असा माल दोनदा मिळाला तर गाडी बदला, हाच खात्रीचा उपाय.

वेलची

बोटाएवढी, तीन-चार इंचांची, पातळ सालीची केळी म्हणजे वेलची. मुंबईकरांना ती वसईची म्हणून माहीत आहेत, आणि वसई-विरारच्या वाड्यांतली वेलची अजूनही येते. पण बाजारातला बराच माल आता कर्नाटक-तमिळनाडूकडून येतो. तिकडे कर्नाटकात तिला येलक्की म्हणतात. पुण्या-मुंबईच्या दुकानांत 'इलायची केळी' अशी पाटी दिसेल, ती हीच. लहान मुलाला एका बैठकीत संपेल एवढं केळं हवं असतं, आणि उपवासाच्या ताटात किंवा नैवेद्याला अख्खं केळं ठेवायचं असतं, तिथे वेलचीला पर्याय नाही.

वेलची घेताना टोक हिरवं असलेली फणी चालेल असं समजू नका. नेहमीचं केळं थोडं हिरवं असताना नुसतं कमी गोड लागतं. वेलची थोडीशी जरी कच्ची असली तरी तुरट लागते, जीभ धरते. म्हणून आज खायची तर सोनेरी पिवळी, आणि शक्य असेल तर एखाद-दुसरा ठिपका पडलेली घ्या. नीट पिकल्यावर तिची साल कागदासारखी पातळ होते आणि हलक्या हातानं सुटते. गर मात्र घट्टच राहतो, म्हणून दाबून बघण्याचा इथे फारसा उपयोग नाही. उलट दाबल्यानं साल फुटते आणि केळीवाला रागावतो, ते बरोबरच आहे.

वेलचीची साल काळवंडायला लागली की नवखे लोक ती टाकून देतात. असं करू नका, एक सोलून बघा. बाहेरून निम्मी तपकिरी झालेली वेलची आतून पुष्कळदा पांढरीशुभ्र, घट्ट आणि सगळ्यांत गोड निघते. टाकायची ती, जिची साल चिरून रस बाहेर आलेला आहे किंवा जिला आंबूस वास येतोय. देठ नाजूक असल्यानं पिकलेली वेलची फणीतून सुटते. म्हणून गाडीवर सुटी वेलची स्वस्तात दिसली तर देठाशी सोललं गेलेलं आहे का तेवढं बघा. साल देठाशी शाबूत असलेली सुटी केळी बिनधास्त घ्या, पण त्याच दिवशी खा. उघडी पडलेली नको, तिथूनच चिलटं बसतात.

एक हिशेबाची गोष्ट. वेलची कुठे डझनावर, कुठे किलोवर मिळते. नेहमीच्या केळ्यांचं डझन पावणेदोन-दोन किलोच्या आसपास भरतं. वेलचीचं डझन त्याच्या निम्म्याहूनही कमी. दोन्ही डझनांच्या भावांची तुलना करताना हे लक्षात असू द्या. एका माणसाला नेहमीचं एक पुरतं तिथे वेलची दोन-तीन लागतात.

लाल केळं

गडद तांबड्या, जवळजवळ जांभळट सालीचं, जाडजूड केळं दुकानात वेगळं मांडून ठेवलेलं असतं, आणि बहुतेक वेळा नगावर किंवा किलोवर चढ्या भावानं विकतात. केरळ-तमिळनाडूत ते रोजचं आहे. कर्नाटकात कलबुर्गीजवळच्या कमलापूरच्या लाल केळ्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आपल्याकडे ते आता मोठ्या शहरांत सहज मिळतं.

इथे रंग पूर्ण फसवतो. लाल केळं कच्चं असतानाच लाल असतं. दुकानात जे सगळ्यांत गडद आणि चकचकीत दिसतं तेच सगळ्यांत कच्चं असतं, आणि नवखा माणूस नेमकं तेच उचलतो. ते त्याच दिवशी सोललं तर साल सुटत नाही, गर पिठूळ आणि तुरट लागतो, आणि पैसे वाया गेले असं वाटतं.

पिकताना गडद तांबडा रंग फिका होत विटकरी, मग नारिंगीकडे झुकतो. टोकाजवळ आणि धारांवर पिवळसर झाक येते. पण खरी पारख हाताची. केळं तळहातावर घ्या आणि मधोमध अंगठा ठेवून अलगद दाबा. दगडासारखं लागलं तर चार-सहा दिवस ठेवावं लागेल. किंचित दबतं पण घट्ट आहे असं वाटलं तर एक-दोन दिवस. पिकलेल्या चिकूइतकं मऊ लागलं आणि देठाजवळ वास आला तर आज. साल जाड असल्यानं हात थोडा सराईत व्हायला लागतो, म्हणून पहिल्यांदा घेताना दोनच घ्या, एक मऊ आणि एक कडक. मऊ त्या दिवशी खा आणि कडकाचा रंग व स्पर्श रोज बघत राहा. पुढच्या वेळी दुकानात विचारायची गरज पडणार नाही.

सालीवर काळे ओरखडे असतातच, त्यांची काळजी नको. मात्र देठ काळा पडून सुरकुतलेला असेल आणि केळं मऊ न होता रबरासारखं लवचिक लागत असेल, तर ते थंडीत साठवलेलं असण्याचा संभव आहे. असं केळं नंतर नीट पिकत नाही. शीतकपाटातल्या काचेमागे मांडलेलं लाल केळं मी घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.

भाजीची केळी

भाजीच्या केळ्यांच्या दोन गोष्टी एकाच नावानं विकल्या जातात आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. एक म्हणजे खास भाजीची जात. ही केळी जाड, आखूड, ठळक धारांची असतात आणि साल जाड, फिकट हिरवी असते. शिजवल्यावर गर कोरडा आणि फोडी अखंड राहतात. काप, भजी, सुकी भाजी यासाठी हीच. या जातीत धारा असणं स्वाभाविक आहे, त्या बघून केळं न भरलेलं समजू नका. दुसरी म्हणजे नेहमीचंच जी-नाइन, पिकवणगृहात जायच्या आधी काढून भाजीवाल्याकडे आलेलं. हेही शिजतं, पण लवकर मऊ होतं, म्हणून कोफ्ते आणि कटलेटला बरं.

कुठलंही असो, तपासायचं काय ते सारखंच. केळं काठीसारखं कडक हवं. साल सगळीकडे एकसारखी हिरवी हवी, पिवळी झाक कुठेही नको. झाक दिसली म्हणजे आत साखर व्हायला लागली आहे आणि भाजी गोडसर व चिकट होईल. ताजेपणाची खात्री करायची तर देठाकडे बघा. नुकत्या कापलेल्या देठाशी चिकाचा थेंब किंवा त्याचा ओघळ असतो. देठ वाळून काळा पडलेला आणि साल सुरकुतलेली असेल तर माल बरेच दिवस पडून आहे.

घरी चिरताना हाताला आणि विळीला तेल लावा, चीक हाताला आणि कपड्याला लागला की डाग पडतो आणि तो सहज जात नाही. फोडी लगेच पाण्यात टाका आणि त्यात दोन चमचे ताक घाला, म्हणजे त्या काळ्या पडत नाहीत.

कोकणात आणि वसईकडे राजेळी म्हणून लांब, जाड सालीचं आणखी एक केळं मिळतं. वसईत आगाशीची सुकेळी याचीच करतात. ते कच्चं असताना तळायला आणि पूर्ण पिकल्यावर शिजवून खायला चांगलं. पिवळं दिसलं म्हणून नुसतं सोलून खाल्लंत तर निराशा होईल. साल काळपट होईपर्यंत थांबा आणि तुपात परता.

घरी आणल्यावर

पिशवीतून काढा, हे पहिलं. प्लास्टिकच्या पिशवीत केळी घामेजतात आणि देठाशी कुजतात. फणी टांगायला हुक असेल तर उत्तम, नसेल तर कमानीची बाजू वर करून, पालथी ठेवा, म्हणजे वजन एका ठिकाणी येत नाही. आजची आणि परवाची केळी एकाच टोपलीत ठेवू नका. पिकलेलं केळं वायू सोडतं आणि शेजारच्या हिरव्यालाही घाईनं पिकवतं. सफरचंद, टोमॅटो, आंबा हेसुद्धा तेच करतात, त्यांच्यापासूनही लांब ठेवा.

हेच तुम्हाला उलट वापरता येतं. परवाची केळी उद्याच हवी झाली तर ती कागदी पिशवीत एका पिकलेल्या केळ्यासोबत घालून तोंड दुमडून ठेवा, किंवा आपल्या जुन्या रीतीनं तांदळाच्या डब्यात पुरा. दिवसभरात फरक दिसतो. लाल केळ्यालाही हा उपाय लागू पडतो. मात्र रोज उघडून बघा, विसरलात तर थेट जास्त पिकलेलं निघेल.

फ्रीजविषयी नियम सोपा आहे. हिरवं किंवा अर्धं पिकलेलं केळं फ्रीजमध्ये कधीच नको. थंडीनं त्याचं पिकणं बिघडतं आणि बाहेर काढल्यावरही ते धड पिकत नाही. पूर्ण पिकलेलं केळं मात्र ठेवता येतं. साल एका रात्रीत काळी होईल, तिला घाबरू नका, आतला गर दोन-तीन दिवस चांगला राहतो. भाजीच्या केळ्यांना पिकायचंच नसतं, म्हणून ती चार-पाच दिवस फ्रीजमध्ये चालतात. साल काळपट होईल, ती तशीही काढायचीच आहे.

एका आठवड्याची खरेदी करून बघू

समजा श्रावण आहे, पुण्यातलं चार माणसांचं घर, दोन मोठी आणि दोन शाळेत जाणारी मुलं. शनिवारी संध्याकाळी मंडईत गेलात. रविवारी सकाळी पोळीबरोबर शिकरण, सोमवारी दोघांचा उपवास, मंगळवारी-बुधवारी मुलांच्या डब्यात केळं, गुरुवारी भाजी, आणि मुलांना लाल केळं बघायचंय म्हणून पुढच्या शनिवारी तेही.

शिकरणासाठी ठिपके पडलेली पाच घ्या, चौघांना पुरतात. ही उद्याच संपणार आहेत, म्हणून थोडी स्वस्त दिलेली फणी चालेल, फक्त मार लागलेली नको. उपवासासाठी सहा वेलची, पिवळीधमक पण ठिपके नसलेली, सोमवारपर्यंत ती नेमकी होतील. श्रावणात आणि गणपतीत वेलचीला मागणी असते आणि भाव चढतो, म्हणून सोमवारची वेलची सोमवारी सकाळी घ्यायला जाऊ नका, उरलेला मालच मिळेल. डब्यांसाठी चार नेहमीची, देठ आणि टोक हिरवं असलेली, अंगावरही थोडी हिरवी झाक असलेली. मंगळवारी ती डब्यात नेण्याजोगी घट्ट-गोड असतील. भाजीची तीन, कडक हिरवी. लाल दोन, दोन्ही कडक.

घरी आल्यावर ठिपकेवाली स्वयंपाकघरातच राहू द्या. वेलची वेगळ्या ताटलीत. डब्यांची चार शक्य तितकी लांब, थंड कोपऱ्यात. लाल दोन तांदळाच्या डब्याच्या झाकणावर, बाहेरच, अजून आत नको. भाजीची कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये खालच्या खणात.

सोमवारी रात्री डब्यांच्या केळ्यांकडे एकदा बघा. टोकं अजून हिरवी असतील तर तशीच राहू द्या. सगळी पिवळी होऊन बसली असतील तर मंगळवारची दोन बाहेर ठेवा आणि बुधवारची दोन फ्रीजमध्ये टाका. डब्यात देताना काळी साल बघून मुलं नाक मुरडतील, तेव्हा सोलून फोडी करून द्या. बुधवारी लाल केळ्यांना हात लावून बघा. अजून दगड लागत असतील तर आता डब्यात, तांदळात जाऊ द्या, शनिवारपर्यंत तीन दिवस आहेत. मऊ व्हायला लागली असतील तर बाहेरच ठेवा.

गुरुवारी भाजीची केळी काढलीत आणि त्यांच्यावर पिवळी झाक आलेली दिसली, तर एक चिरून बघा. गर पांढरा आणि कोरडा असेल तर भाजी करा. पिवळसर आणि ओलसर असेल तर भाजीचा बेत सोडा, जाडसर काप करून त्यांना मीठ, हळद, तिखट लावा, रव्यात घोळवा आणि तव्यावर थोड्या तेलात परता. गोडसर-तिखट काप होतात आणि वरणभाताबरोबर ताटात आधी तेच संपतात.